क्लोपिडोग्रेल आम्लात टस की मस होत नाही. टक्का गाठेपर्यंत उकळावे का?

तळटीप_वाचणारा
क्लोपिडोग्रेल बायसल्फेटच्या 75 मि.ग्रॅ. गोळ्यांसाठी एचपीएलसी पद्धत बसवत आहे. सी-18 कॉलम, फॉस्फेट बफर आणि अ‍ॅसिटोनायट्राइल, 220 नॅनोमीटर. साठा-द्रावण मिथेनॉलमध्ये करून त्यात तेवढेच 0.1 एन हायड्रोक्लोरिक आम्ल घातले आणि 60 अंशांवर दिवसभर ठेवले, तरी पीक जवळजवळ जशाच्या तसा राहिला. सोड्यात मात्र ऱ्हास दिसतो. आमचे वरिष्ठ म्हणतात की प्रत्येक अटीत किमान दहा टक्के ऱ्हास दाखवलाच पाहिजे, म्हणून 5 एन आम्लात रिफ्लक्स करा. हे योग्य आहे का?

सातपूरकर
तुमच्या वरिष्ठांचेच बरोबर आहे. मी बारा वर्षे याच कामात आहे आणि रकान्यात 'ऱ्हास नाही' असे लिहिले की तपासनीस त्याच रकान्यावर बोट ठेवतो, हे अनेकदा पाहिले आहे. आम्ही आम्लाची तीव्रता 0.1 वरून 1 आणि मग 5 एन अशी वाढवत नेतो, दहा-पंधरा टक्के मोडले की थांबतो, पीडीएवर मुख्य पीकचा प्युरिटी अँगल थ्रेशोल्डपेक्षा कमी आला की पद्धत स्टॅबिलिटी इंडिकेटिंग ठरते. यात तात्त्विक चर्चेला फारशी जागा आहे असे मला वाटत नाही.

जुना_बेंच
तीव्रता वाढवण्याआधी फ्लास्कमध्ये काय आहे ते बघा. क्लोपिडोग्रेल हे मिथाइल एस्टर आहे. आम्लात ते तुटले तर कार्बोक्सिलिक आम्ल आणि मिथेनॉल मिळते, आणि तुमच्या फ्लास्कमध्ये तर निम्मे मिथेनॉलच भरलेले आहे. आम्ल आणि भरपूर मिथेनॉल एकत्र असले की तुटलेले रेणू पुन्हा एस्टर होऊन मूळ औषधाच्याच पीकमध्ये परत येऊन बसतात. तुम्ही ऱ्हास करायला निघालात आणि नकळत संश्लेषणाची शेवटची पायरी मांडून बसलात. मिथेनॉलऐवजी इथेनॉल घेतले असते, तर एस्टर बदलून एक नवाच पीक उगवला असता आणि तो औषधाचा ऱ्हासजन्य पदार्थ म्हणून अहवालात शिरला असता.

मुळात येथे सेंद्रिय द्रावकाची गरजच नाही. हा क्षार उदासीन पाण्यात विरघळत नसला तरी पीएच 1 च्या आसपास चांगला विरघळतो. पूड सरळ 0.1 एन आम्लात घ्या, 60 अंशांवर ठेवा, आणि 24 तासांनी व तीन दिवसांनी इंजेक्ट करा. कार्बोक्सिलिक आम्लाचा पीक बराच आधी, मृतघनाच्या जवळ येतो, म्हणून ब्लँक आणि प्लासिबो त्याच दिवशी चालवा.

खडूफळा
मी एम.फार्म.च्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करते, आणि मला हे अर्धेच पटते. मिथेनॉल काढले तरी क्लोपिडोग्रेल आम्लात फार मोडेल असे मला वाटत नाही, कारण एस्टरशेजारचा नायट्रोजन आम्लात प्रोटॉन घेऊन धनभारित होतो आणि दुसऱ्या प्रोटॉनला जवळ येऊ देत नाही. त्यामुळे तुमच्या प्रश्नकर्त्याला तीन दिवसांनीही एक-दोन टक्केच मिळतील. तेव्हा काय करायचे? पदार्थ तयारच झाला नाही, तर पद्धत तो वेगळा करते हे सिद्ध कसे करणार? म्हणून थोडी क्रूरता मला मान्य आहे.

जुना_बेंच
नायट्रोजनचा मुद्दा खरा आहे आणि दोन्ही कारणांपैकी कोणते किती काम करते हे मी बसल्या जागी सांगू शकत नाही. एक फ्लास्क मिथेनॉलसह आणि एक मिथेनॉलविना शेजारी ठेवले की कळेल. पण तोच पदार्थ सोड्यात सहज मिळतो आणि प्रमाणित अशुद्धी म्हणून विकतही मिळतो. तो घालून पृथक्करण दाखवा. 5 एन आम्लात उकळून मिळणारे पीक गोळीत तिच्या आयुष्यात कधीच दिसणार नाहीत, आणि त्यांच्यामागे धावून ग्रेडियंट पाऊण तासाचा होतो. आयसीएचच्या क्यू1ए(आर2) मध्ये त्वरित चाचणीच्या वर दहा-दहा अंशांनी तापमान, आर्द्रता, ऑक्सिडेशन, विस्तृत पीएचवर हायड्रोलिसिस, हे सगळे आहे. दहा टक्के हा आकडा त्यात नाही. तो रिवाजातून आला आहे.

सातपूरकर
रिवाजातून आला असेल, पण तपासनीसही रिवाजच वाचून येतात.

पुणेरी_पेठ
माझ्या वडिलांना हीच गोळी चालू आहे आणि ती पट्टी स्वयंपाकघरात शेगडीजवळ राहते. उष्णतेने खराब होते असा याचा अर्थ घ्यावा का?

जुना_बेंच
येथील चर्चा प्रयोगशाळेत मुद्दाम मोडण्याविषयी आहे, घरातल्या साठवणीविषयी नाही. तरी पट्टी शेगडीपासून आणि वाफेपासून दूर, कोरड्या जागी ठेवावी, आणि शंका असेल तर औषधविक्रेत्याला विचारावे.

तळटीप_वाचणारा
सोड्याचे निकाल देतो. मूळ औषध 79.3 टक्के, कार्बोक्सिलिक आम्ल 8.9, बेरीज 88.2. नवा पीक दिसत नाही. उरलेले बारा टक्के गेले कुठे?

जुना_बेंच
सोडा घातल्यावर द्रावण गढूळ झाले होते का? फ्लास्क तिरका करून उजेडात तळ पाहा. सोड्यात क्षाराचा मुक्त बेस होतो, तो तेलकट असतो आणि काचेला चिकटतो. तुम्ही इंजेक्ट केले ते वरचे पाणी.

तळटीप_वाचणारा
तळाशी खरोखरच मधासारखे दोन थेंब चिकटलेले होते. तोच फ्लास्क सममात्र आम्लाने न्यूट्रलाइज करून, मिथेनॉल घालून सोनिकेट केला. आता औषध 89.6, आम्ल 8.9, बेरीज 98.5. म्हणजे आधीच्या आकड्यातला निम्मा 'ऱ्हास' हा ऱ्हास नव्हताच. प्युरिटी अँगलही उत्तीर्ण आहे.

सातपूरकर
झाले तर मग. वस्तुमान-ताळेबंद जुळला, पीक शुद्ध आहे, आणखी काय हवे?

जुना_बेंच
या औषधाच्या बाबतीत नेमका येथेच माझा आक्षेप आहे. एस्टरला लागून असलेल्या कार्बनवरचा हायड्रोजन सोड्यात निघतो आणि परत बसतो. परतताना तो दुसऱ्या बाजूनेही बसतो. म्हणजे एस-समघटकाचा आर होतो, ज्यात प्लेटलेट रोखण्याचा गुण नाही. सी-18 वर दोघे एकाच पीकमध्ये येतात. दोघांचा यूव्ही वर्णपट तंतोतंत एक, म्हणून पीडीए आंधळा. वस्तुमानही एक, म्हणून एलसी-एमएसही आंधळे. आणि ताळेबंद तर जुळणारच. आमच्याकडे असेच सोड्यातले द्रावण ओव्होम्युकॉइड कायरल कॉलमवर चालवले, तेव्हा तीन टक्क्यांच्या आसपास आर निघाला होता. यूएसपीच्या मोनोग्राफमध्ये संबंधित अशुद्धींसाठी कायरल कॉलम उगाच नाही.

खडूफळा
पण त्यावरून सी-18 ची पद्धत बाद होत नाही. एका पद्धतीने भेद पुरेसा होत नसेल तर दोन पद्धती जोडीने वापरण्याची मुभा आयसीएचच्या क्यू2 मध्येच आहे. अ‍ॅसे सी-18 वर ठेवा, आर-समघटक वेगळ्या कायरल चाचणीत मोजा, आणि अहवालात तसे स्पष्ट लिहा.

जुना_बेंच
ते मान्य आहे, अट एवढीच की स्थिरता अभ्यासाच्या प्रत्येक टप्प्यावर ती दुसरी चाचणी खरोखर व्हावी. ती फक्त सुरुवातीला करून सोडून दिली, तर तुमचे अ‍ॅसे एस आणि आरची बेरीज मोजत राहील.

सातपूरकर
कायरल कॉलमची किंमत आणि आयुष्य पाहिले आहे का? प्रत्येक टप्प्यावर हे करायचे तर व्यवस्थापनाला पटवणार कोण? गोळीत सोडा कुठे असतो?

तळटीप_वाचणारा
पेरॉक्साइडचे राहिले. तीन टक्के, अ‍ॅसिटोनायट्राइलसह, 70 अंशांवर ठेवायचे म्हणतो.

खडूफळा
तापवू नका. तापवल्यावर पेरॉक्साइड मूलकांमध्ये फुटते आणि तुम्हाला दिसते ती निराळीच रसायनक्रिया असते. शिवाय माध्यम अल्कधर्मी असेल तर पेरॉक्साइड आणि अ‍ॅसिटोनायट्राइल मिळून अधिक जोरकस ऑक्सिडंट बनतो. खोलीच्या तापमानाला, अंधारात, आणि सोबत पेरॉक्साइडचा ब्लँक. 220 वर तो स्वतः मोठा पीक देतो, नेमका तुमचे कार्बोक्सिलिक आम्ल येते त्याच भागात.

तळटीप_वाचणारा
सोमवारी दोन आम्ल-फ्लास्क लावतो, एक मिथेनॉलसह, एक विना. कायरल कॉलम शेजारच्या विभागाकडे आहे, पण ते देतील की नाही सांगता येत नाही.