चुकीच्या यूआयडीवर ५०० यूएसडीटी: सपोर्टचे हात बांधलेत की दानतच नाही?

टिळकवाडीकर: क्रिप्टो एक्सचेंजवरून भावाला ५०० यूएसडीटी पाठवायचे होते. त्याच्या यूआयडीचे, म्हणजे तिथल्या खाते क्रमांकाचे, शेवटचे आकडे ७३०६, मी टाकले ३७०६. गेले कुणा भलत्याच्याच खात्यात. सपोर्ट म्हणतंय फिरवता येत नाही. त्यांच्याच डेटाबेसात एकीकडे वजा, दुसरीकडे जमा, एवढंच तर आहे. सरळ लुटायलेत!

निपाणीचा बाळू: ब्लॉकचेनवर गेलेलं परत येत नसतं. विसर आता.

जुना सपोर्टवाला: बाळू, ब्लॉकचेनचा इथं संबंधच नाही. एकाच एक्सचेंजच्या दोन खात्यांतला व्यवहार त्यांच्या वहीतच होतो. म्हणून फी नाही, म्हणून दोन सेकंदांत पोचतो. टिळकवाडीकर, व्यवहाराचा नंबर ब्लॉकचेनच्या नोंदी दाखवणाऱ्या एक्सप्लोररवर टाकून "काहीच दिसत नाही, म्हणजे पैसे गेलेच नसतील" असं समजू नका. दिसणारच नाही.

आणि होय, तांत्रिकदृष्ट्या एका नोंदीचंच काम आहे, एवढं तुमचं खरं. मी तीन वर्षं बेंगळुरूत हेच तिकिटं बघत बसायचो. पण समजा, खडे बाजारात कुणी तुम्हाला रोखीत ५०० यूएसडीटी विकले. नोटा घेतल्या, तुमच्या यूआयडीवर पाठवले, आणि घरी जाऊन सपोर्टला लिहिलं, "चुकून गेले, फिरवा." फिरवायचे का? सपोर्टला नोटा दिसत नाहीत. त्याला तुमचं तिकीट आणि त्या चोराचं तिकीट अगदी सारखंच दिसतं.

टिळकवाडीकर: म्हणजे मी चोर?

जुना सपोर्टवाला: तसं म्हटलेलं नाही की. वाचा तरी नीट.

शहापूरची वहिनी: उगीच सपोर्टची वकिली नको. मी एक्सचेंजच्या पत्त्यावर, कुणाच्या खात्यात जमा करायचं ते सांगणारा मेमो न टाकता नाणी पाठवली होती, माझी परत आली! आठ दिवस लागले, पण आली.

जुना सपोर्टवाला: वहिनी, तुमची नाणी एक्सचेंजच्याच वॉलेटमध्ये पडून होती, कुणाच्या नावावर जमा झालेली नव्हती. पुरावा बघून तुमच्या नावावर लावली. इथं दुसऱ्या माणसाच्या शिलकीतून काढायचे आहेत. त्यानं एव्हाना विकलेही असतील.

निपाणीचा बाळू: मुळात यूआयडी हीच घाण पद्धत. वॉलेटचा पत्ता एक अक्षर चुकला तर बहुतेक वेळा नाकारला जातो, त्यात तपासणीचा भाग असतो. इथं नुसते आकडे, दोन उलटले की दुसराच जिवंत माणूस.

जुना सपोर्टवाला: हे मात्र बरोबर बोललास, कधी नव्हे ते. म्हणून पाठवायच्या आधी टोपणनाव दिसतं का ते बघायचं, आणि आधी एक यूएसडीटी पाठवून भावाला फोन करायचा. आता स्टेटस बघा. `Processing` असेल तर थांबवता येण्याची शक्यता असते. `Completed` असेल तर तिकिटात व्यवहाराचा नंबर, वेळ, रक्कम, तुमचा, भावाचा आणि चुकलेला असे तिन्ही यूआयडी द्या. ते समोरच्याला मेल करू शकतात. त्यानं कबूल केलं तर परत. त्याचं नाव-नंबर मात्र देणार नाहीत, कितीही रडा.

टिळकवाडीकर: `Completed`च आहे. मग सायबर हेल्पलाइनला, १९३० वर, फसवणूक म्हणून कळवतो, खातं गोठेल.

कॅम्पातली वकीलबाई: फसवणूक लिहू नका! तुम्ही स्वतः पाठवलेत, उद्या खोटी तक्रार अंगावर यायची. चुकून दिलेले पैसे परत करायला समोरचा बांधील आहे, करार कायदा १८७२, कलम ७२. पण ते दिवाणी भांडण. कोर्टाचा किंवा पोलिसांचा रीतसर कागद आला की एक्सचेंज माहिती देतं, खातं गोठवूही शकतं.

खानापूरकर: रीतसर कागद म्हणे! मी सायबरच्या कामाला बेळगावात गेलो, मराठीत अर्ज घेतलाच नाही. "कन्नडात आणा." ह्यावर बोला कुणीतरी.

निपाणीचा बाळू: माझा अर्ज मराठीत घेतला. इंग्रजीत द्यायचा होतास, कशाला वाद घालायचा दर वेळी?

खानापूरकर: वाद मी घालायलोय? साठ-सत्तर वर्षं झाली ह्याला, आणि तू मला इंग्रजी शिकवतोस?

शहापूरची वहिनी: झालं सुरू. इथं ५०० यूएसडीटी गेलेत बाबांनो.

खानापूरकर: वहिनी, तुमचे परत आले, तुम्हाला काय. माझा सासरा त्या काउंटरसमोर दोन तास उभा होता.

कॅम्पातली वकीलबाई: खानापूरकर, राग समजतो. पण ह्या कामात भाषेपेक्षा तारीख महत्त्वाची. नाणी त्याच खात्यात आहेत तोवरच गोठवण्याला अर्थ. कन्नड मसुदा मी लिहून देते, शनिवारी कॅम्पात या. फी नको, कुंदा आणा.

टिळकवाडीकर: सपोर्टचं उत्तर आलं. मेल पाठवला आहे, समोरच्याकडून काही नाही. पुन्हा तेच तीन यूआयडी मागितलेत. लुटारू नसतील, पण ठोंबे आहेत.

जुना सपोर्टवाला: ते मी तीन वर्षं ऐकलंय. द्या तिन्ही.