खरी अडचण ‘परवा’ची

‘कल म्हणजे काल की उद्या, भाषांतरात कसं ओळखायचं?’

हा घोळ हिंदी ‘कल’चा. मराठीत ‘काल’ आणि ‘उद्या’ वेगळे आहेत. दोन्हीकडे चालतो तो ‘परवा’. ‘परवा आला’, ‘परवा येईल’ इथे क्रियापद निकाल देतं. पण ‘परवाची बैठक रद्द झाली’ बघा. ‘झाली’ हा भूतकाळ रद्द होण्याचा आहे, बैठक अजून पुढे असू शकते. तिथे मजकुराची आणि बैठकीची तारीख शोधावीच लागते. ‘मला परवा जायचं होतं, रजा मिळेल का?’ यातलं ‘होतं’ नुसतं आर्जवाचं; ‘मिळेल’मुळे दिवस पुढचा ठरतो. शिवाय मागचा ‘परवा’ बऱ्याचदा सैल असतो. ‘परवाच भेटलो’ म्हणजे अलीकडेच, तिथे मोजून दोन दिवस लिहू नका.