गार्दों नदीवरचा तीन मजली पूल: गरज होती की थाट?

शंकासुर: रोमन लोकांना उलटा सायफन, म्हणजे बंद नळातून पाणी दरीत उतरवून पलीकडे चढवणं, चांगलंच येत होतं. आजच्या फ्रान्समधल्या ल्यों शहराला पाणी नेताना त्यांनी शंभर मीटरहून खोल दरी शिशाच्या नळांनी पार केली. मग तिथल्याच नीम शहरासाठी गार्दों नदीवर 49 मीटर उंच दगडी पूल, ज्याला आज पाँ द्यू गार म्हणतात, कशाला उभारला? मला तरी यात निव्वळ थाट दिसतो.

उतारपाहणी: माझी सगळी नोकरी पाणीपुरवठा खात्यात झाली, त्यामुळे मी कमानींकडे नाही, उताराकडे बघतो. यूझेसजवळच्या झऱ्यापासून नीमपर्यंत सरळ रेषेत साधारण वीस किलोमीटर, पण कालवा डोंगर टाळत पन्नासेक किलोमीटर फिरतो. एवढ्या प्रवासात पाणी उतरतं जेमतेम साडेबारा मीटर. म्हणजे किलोमीटरला पाव मीटर. रोमनांची पातळी मापायची लाकडी घोडी वीस रोमन फुटांची, सहाएक मीटर. तेवढ्या लांबीत हा उतार दीड मिलिमीटर भरतो. डोळ्याला तो दिसणार नाही, दोन-तीनशे मीटरचं माप घेतल्यावरच कळेल.

आता सायफनचा विचार करा. नळात पाणी घासतं, त्यामुळे चढताना ते निघाल्या पातळीपर्यंत पोचत नाही. घट काही मीटरची असते. ल्योंच्या कालव्याला उतार भरपूर होता, तिथे हा खर्च परवडला. इथे खिशात साडेबाराच मीटर. एका दरीत त्यातले तीन-चार उडवले, तर पुढच्या तीसेक किलोमीटरला काय उरणार?

दुसरं, सायफन केला तरी नळ नदीत टाकून चालत नाही. गार्दोंला पूर फार मोठा येतो. दरीच्या तळाशी नळांसाठी पूल लागलाच असता. खालच्या कमानींचा खर्च तसाही होताच, वाचला असता तो फक्त वरचा भाग.

खुंटा_हलवून: शिशामुळेच पूल बांधला असणार. शिशाचं पाणी पिऊन रोमन वेडे झाले, साम्राज्य बुडालं, हे सगळ्यांना माहीत आहे. नीमवाले शहाणे, त्यांनी पन्नास किलोमीटर कमानींवरून पाणी नेलं.

उतारपाहणी: पन्नास किलोमीटर कमानी नाहीत हो. बहुतेक कालवा जमिनीखाली आहे: चर खणायचा, दगडी भिंती, आतून चुन्याचा गिलावा, वर कमानीचं छत, पुन्हा माती. कमानी फक्त दऱ्यांत. शिशाबद्दल तुमचं अर्धं खरं आहे. आरोग्यासाठी शिशापेक्षा मातीचे नळ बरे, हे वित्रुवियस या रोमन वास्तुकाराने त्या काळीच लिहून ठेवलंय. पण नीमला शहरात शिरल्यावर नळ शिशाचेच होते. आणि पाणी इतकं चुनखडीचं, की नळाला आतून पुट चढायचं. साम्राज्य बुडायला बाकीची कारणं पुरेशी आहेत.

पाणचक्कीवाली: मी संभाजीनगरची. आमच्या पाणचक्कीला दूरच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणलंय, वाटेत मनोरे बांधून वर चढवलंय. तीनशे वर्षं होत आली, पाणी येतंच आहे. मग रोमनांनीही मातीचे नळ वापरायचे होते, शिशाचा प्रश्नच मिटला असता. लहानपणी आजोबा आम्हाला ते मनोरे दाखवायचे आणि म्हणायचे, पाण्याला श्वास घ्यायला जागा दिली आहे.

उतारपाहणी: ताई, आजोबांचं बरोबर होतं, मनोऱ्यात कोंडलेली हवा सुटते आणि दाबही मोडतो. पण गार्दोंची दरी पार करायची तर खाली चाळीसेक मीटर पाण्याचा दाब येतो, चौरस सेंटिमीटरला चार किलो. मातीच्या नळाचे सांधे तिथे टिकणं कठीण. चढ थोडा असेल तिथे मातीचा नळ उत्तम, तुमच्याकडे म्हणूनच चालला.

शंकासुर: ठीक आहे, सायफनचा मुद्दा मी सोडतो. पण थाटाचा सोडत नाही. नीममध्ये मोठा झरा होताच, त्याच्यावरच तर शहर वसलं. पिण्याला पाणी कमी नव्हतं. मग नव्या कालव्याचं पाणी कुठे गेलं? स्नानगृहांत आणि कारंज्यांत. सेकंदाला चारशे लिटर धरलं तर दिवसाला साडेतीन कोटी लिटर होतात, आणि हे रात्रंदिवस, कुणी वापरो न वापरो. याला गरज म्हणत नाहीत.

मुळ्याकाठची: इथे मी शंकासुरांच्या बाजूने. पण थाट पुलाच्या उंचीत नाही, कालवा आणायच्या निर्णयातच आहे. उलट पूल बांधणाऱ्यांनी काटकसरच केली. झऱ्यापासून पुलापर्यंत उतार जास्त दिला, म्हणून पूल काही मीटर ठेंगणा झाला. त्याची किंमत पुढे मोजली. पुलानंतर काही टप्प्यांत उतार किलोमीटरला दहा सेंटिमीटरच्याही आत आहे. मिरवायचंच असतं तर पूल उंच ठेवून पुढचा कालवा सोपा केला असता. खालच्या कमानींच्या दगडांना चुना नाही, आणि परातीसाठी सोडलेले दगड अजून भिंतीतून बाहेर डोकावतात. दाखवायची वास्तू असती तर ते तासून टाकले नसते का?

उतारपाहणी: मान्य. फक्त 'परात' नाही, 'परांची'.

मुळ्याकाठची: हो हो, परांची. बोट घसरलं.

खुंटा_हलवून: मग पाणी थांबलं कशामुळे? पूल तर अजून उभा आहे.

मुळ्याकाठची: चुनखडीमुळे, आणि ती कुणी खरवडली नाही म्हणून. कालवा आतून साधारण सव्वा मीटर रुंद. दोन्ही भिंतींवर पुट चढत चढत काही ठिकाणी अर्ध्या मीटरच्या आसपास गेलं. मधे राहिली बोळकांडी. हे पुट झाडाच्या वलयांसारखं थरांत वाचता येतं. जुने थर स्वच्छ आणि कठीण, वरचे मातकट, त्यांत मुळांच्या खुणा. म्हणजे छताला भेगा पडल्या, मुळं आत शिरली आणि देखभाल करणारं कुणी राहिलं नाही. पुढे मध्ययुगात लोकांनी ते पुटच फोडून नेलं, आसपासच्या चर्चच्या भिंतींत त्याच्या लाद्या आहेत.

शंकासुर: म्हणजे एवढा नाजूक उतार ठेवून स्वतःच पायावर धोंडा मारून घेतला. पाणी हळू गेलं की पुट जास्त.

उतारपाहणी: एवढं सरळ नाही. जिथे पाणी खळखळतं तिथेही पुट बसतं. पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला की चुना खाली उतरतो. उतार दुप्पट ठेवता आला असता असं नाही, झरा जेवढा वर तेवढाच वर. दुसरा झरा निवडायला हवा होता का, हा प्रश्न खरा.

पाणचक्कीवाली: मला एवढंच सांगा, शहरात पोचल्यावर पाणी वाटत कसं होते? आमच्या सोसायटीत टाकी एक आणि भांडणं सोळा.

मुळ्याकाठची: नीमला ती वाटपाची टाकी अजून बघायला मिळते. गोल हौद, कडेला दहा भोकं, प्रत्येकातून शिशाचा जाड नळ निघायचा. तळाला आणखी तीन भोकं, बहुधा हौद रिकामा करून धुवायला. वित्रुवियस सांगतो की टाकीत तीन वाटे करावेत आणि जास्तीचं पाणी रस्त्यावरच्या हौदांकडे वळावं, म्हणजे टंचाईत सामान्यांचं पाणी तुटणार नाही. पण नीमची दहाही भोकं एकाच पातळीवर आहेत.

शंकासुर: मग टंचाईत आधी स्नानगृह बंद की रस्त्यावरचा नळ?

उतारपाहणी: हौदावरून ते सांगता येत नाही. झडपा ज्याच्या हातात त्याला विचारायला हवं.