विषय: फीच्या रेमिटन्सचा मसुदा सहीपूर्वी कुणी पाहील का?

प्रेषक: स्नेहा, लीड्स
११ ऑगस्ट २०२५

नमस्कार मंडळी,

माझी भाची सप्टेंबरमध्ये इथे एमएससीला येते आहे. फीचा पहिला हप्ता १२,५०० पौंड आहे आणि तो पोचल्याशिवाय विद्यापीठ कॅस, म्हणजे व्हिसासाठी लागणारी प्रवेशाची खात्री, देणार नाही आणि मग व्हिसाचा अर्जही करता येणार नाही. पैसे नाशिकहून दादा पाठवतोय. शाखेने ए-२ फॉर्मसोबत सहीसाठी मसुदा दिला, त्याचा फोटो त्याने मला पाठवला. विद्यापीठाचं नाव आणि काही आकडे झाकून खाली देते आहे. सही उद्या दुपारी करायची आहे.

```
Currency/Amount  : USD 16,875.00
Beneficiary Name : (विद्यापीठ)
Beneficiary A/c  : 71024538
IBAN             : GBxx xxxx xxxx xx71 0245 83
Charges          : SHA
Purpose Code     : S1301
Remarks          : TUITION FEE OF DAUGHTER FIRST INSTALMENT
```

काही खटकत असेल तर कृपया लगेच सांगा.

स्नेहा

प्रेषक: मिलिंद, रेडिंग
११ ऑगस्ट २०२५

स्नेहाताई, मला तरी ठीक वाटतंय. भारतातून दरवर्षी माणशी अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे आणि ती डॉलरमध्येच मोजतात, म्हणून बँका डॉलरमध्येच पाठवतात. इथे आले की त्यांचे पौंड होतील. महत्त्वाचं एवढंच की बेनिफिशरी म्हणून विद्यापीठाचंच नाव हवं. दुसऱ्या कुठल्या कंपनीचं नाव दिसलं तर तो फसवणुकीचा प्रकार समजायचा.

मिलिंद

प्रेषक: अर्चना, बर्मिंगहॅम
११ ऑगस्ट २०२५

मी गेल्या वर्षी मुलाची फी पुण्याच्या माझ्या एनआरओ खात्यातून भरली. तेव्हा सीएकडून १५सीबी प्रमाणपत्र घ्यावं लागलं आणि त्यातच आठवडा गेला. तुमच्या दादांनी सीए गाठला आहे का? नसेल तर उद्या काही होणार नाही, आधी ते बघा.

अर्चना

प्रेषक: जयंत, हॅरो
११ ऑगस्ट २०२५, रात्री

स्नेहा, उद्या सही करू देऊ नकोस. आधी दादाला सकाळी शाखेत जाऊन मसुदा बदलून घ्यायला सांग. माझी निम्मी नोकरी फॉरेक्स डेस्कवर गेली, त्यामुळे असे कागद मी खूप पाहिले आहेत. तुझ्या कागदात चार ठिकाणी दुरुस्ती हवी.

पहिली खात्याची. ब्रिटनचा आयबॅन २२ अक्षरांचा असतो. GB, मग दोन तपासणीचे अंक, बँकेची चार अक्षरं, सॉर्ट कोडचे सहा अंक आणि शेवटी खाते क्रमांकाचे आठ अंक. म्हणजे खाते क्रमांक आयबॅनच्या शेवटी जसाच्या तसा यायला हवा. तुझ्या आयबॅनचा शेवट 71024583 असा आहे आणि वरच्या रकान्यात 71024538 लिहिलंय. शेवटचे दोन अंक उलटे झालेत. आयबॅनमध्ये असा एखादा अंक चुकला तर तपासणीचे अंक जुळत नाहीत आणि सिस्टीम सहसा तिथेच अडवते. नुसत्या खाते क्रमांकाला ती सोय नाही. त्यामुळे माझा संशय वरच्या रकान्यावर आहे. पण अंदाजाने दुरुस्त करू नका. भाचीला विद्यापीठाच्या पोर्टलवर स्वतः लॉगिन करून तिथलं पान उघडायला सांग आणि त्यावरूनच आकडे लिही. ईमेलमधून आलेल्या पीडीएफवर विसंबू नका, कारण खाते क्रमांक बदललेली बनावट इन्व्हॉइस अशाच ईमेलने येतात.

मिलिंद, तुझं म्हणणं अर्धं बरोबर आहे. पुष्कळ विद्यापीठं फ्लायवायर किंवा कन्व्हेरा यांच्यामार्फत फी घेतात. तिथे बेनिफिशरीच्या जागी विद्यापीठाचं नाव नसतं आणि तरीही व्यवहार सचोटीचा असतो. कसोटी नावाची नाही, ते नाव पोर्टलवर स्वतः वाचलं की कुणी पाठवलेल्या कागदावर, याची आहे.

दुसरी चलनाची. मर्यादा डॉलरमध्ये मोजतात ती हिशेबासाठी. पैसे कुठल्या चलनात पाठवायचे याच्याशी तिचा संबंध नाही. मागणी पौंडात आहे तर पौंडातच पाठवा. आत्ताच्या मसुद्यात आधी रुपयांचे डॉलर होणार आणि इथे आल्यावर विद्यापीठाची बँक तिच्या दराने त्या डॉलरचे पौंड करणार. तो दर आज कुणालाच माहीत नाही. १६,८७५ हा आकडा शाखेने त्या दिवशीच्या दराने काढलेला दिसतो. दर थोडा जरी हलला तरी विद्यापीठाच्या खात्यात १२,५०० ऐवजी काहीतरी कमी जमा होईल.

तिसरी शुल्काची. SHA म्हणजे पाठवणारी बँक आपलं शुल्क दादाकडून घेणार आणि वाटेतल्या बँका त्यांचं रकमेतून कापणार. OUR लावलं की वाटेतलं शुल्कही दादाच्या खात्यातून आधीच घेतात. OUR घेऊनही शेवटची बँक स्वतःचं काही कापू शकते, म्हणून पूर्ण हमी कुणी देणार नाही. तरी फीसाठी मी OUR शिवाय दुसरा पर्याय सुचवणार नाही.

चौथी सर्वांत महागात पडणारी. S1301 हा जवळच्या नातेवाइकांच्या निर्वाहाचा कोड आहे. मुलगी शिकायला परदेशी जाते आहे आणि तिची फी भरायची आहे, तर S0305 हवा. त्यात फी आणि वसतिगृहाचा खर्च दोन्ही बसतात. S1107 वरही शिक्षण असं लिहिलेलं दिसेल, पण तो घरी बसून करायच्या पत्राचारासारख्या अभ्यासक्रमांसाठी आहे. फरक टीसीएसचा, म्हणजे पैसे पाठवताना बँक कापून घेते त्या आयकराचा पडतो. २०२५-२६ या आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत टीसीएस नाही. त्यावरच्या रकमेला शिक्षणासाठी ५ टक्के आणि निर्वाहासाठी २० टक्के. हिशेबासाठी पौंड १२० रुपये धर. १२,५०० पौंडांचे १५ लाख होतात, म्हणजे वरचे ५ लाख. S0305 ला २५,००० कापले जातील, S1301 ला एक लाख. हा कर बुडत नाही, दादाच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्नमध्ये वळता होतो. पण ७५,००० रुपये पुढच्या वर्षी रिफंड येईपर्यंत अडकून राहतील. पैसे शैक्षणिक कर्जाचे असतील आणि कर्ज आयकराच्या कलम ८०ई मध्ये बसणाऱ्या संस्थेचं असेल, तर टीसीएस शून्य आहे. दादाने कर्ज काढलंय का? आणि एप्रिलपासून त्याच्या पॅनवर आणखी काही बाहेर पाठवलंय का? १० लाखांची मोजणी सगळ्या बँका मिळून होते.

अर्चना, तुमची गोष्ट वेगळी आहे. तुम्ही अनिवासी आहात आणि एनआरओची वाट स्वतंत्र आहे, तिथे १५सीए-१५सीबी येतात. निवासी बापाने स्वतःच्या बचत खात्यातून मुलीची फी पाठवायला सीएचं प्रमाणपत्र लागत नाही.

जयंत

प्रेषक: सुबोध, शेफील्ड
१२ ऑगस्ट २०२५, सकाळी

मी इथल्या एका विद्यापीठाच्या वित्त कार्यालयात काम करतो, म्हणून पैसे आल्यावर आमच्याकडे काय होतं ते सांगतो. Remarks मध्ये जे लिहिलंय त्यावरून आम्हाला ही फी कुणाची आहे हे कळणारच नाही. स्टेटमेंटवर आम्हाला वडिलांचं नाव, रक्कम आणि ही ओळ एवढंच दिसतं. ऑगस्टमध्ये ट्यूशन फी असं लिहिलेल्या कितीतरी ओळी येतात. विद्यार्थी क्रमांक नसेल तर रक्कम अनामत खात्यात पडून राहते आणि विद्यार्थ्याकडून ट्रान्सफरचा पुरावा येईपर्यंत तिला हात लागत नाही. इथे पैसे पोचलेले असतात आणि कॅस मात्र थांबलेला असतो.

स्विफ्टच्या त्या रकान्यात ३५ अक्षरांच्या चार ओळी मावतात, पण काही बँकांच्या फॉर्ममध्ये त्याहून कमी जागा असते. म्हणून क्रमांक अगदी सुरुवातीला लिहा, मागचं तुटलं तरी तो राहतो. उदाहरणार्थ (क्रमांक काल्पनिक आहे):

```
STU ID 30418826 KULKARNI ISHA
```

नाव पासपोर्टवर आहे तसं लिहा. आणि काही पौंड कमी आले तर काय, असं अनेक जण विचारतात. आमच्याकडे छोटी तूट चालवून घेतात, पण दुसरीकडे सिस्टीम बाकी शून्य झाल्याशिवाय कॅस सोडत नाही. तुमच्या विद्यापीठाला विचारून घ्या.

सुबोध

प्रेषक: स्नेहा, लीड्स
१२ ऑगस्ट २०२५, संध्याकाळी

सगळ्यांचे मनापासून आभार. भाचीने पोर्टल उघडून पाहिलं. आयबॅन बरोबर होता, वरचा खाते क्रमांकच उलटला होता. दादाने तिथल्या तिथे नवा मसुदा करून घेतला. GBP 12,500.00, OUR, S0305 आणि Remarks मध्ये आधी विद्यार्थी क्रमांक. आधी शाखेतल्या बाई म्हणाल्या की आम्ही मुलांना पैसे पाठवायला नेहमी S1301 च लावतो. दादाने ऑफर लेटर आणि फीची मागणी पुढे ठेवली, मग त्यांनी बदललं.

कर्ज काढलेलं नाही. मे महिन्यात डिपॉझिट गेलं होतं, पण ते वहिनीच्या खात्यातून आणि तिच्या पॅनवर, त्यामुळे दादाचे १० लाख शिल्लकच होते.

आता पुढचा प्रश्न. दर महिन्याला तिच्या इथल्या खात्यात जेवणाखाण्याचे पैसे पाठवायचे आहेत. त्याला कोणता कोड?

स्नेहा

प्रेषक: मिलिंद, रेडिंग
१२ ऑगस्ट २०२५

तिथे तरी S1301 च ना? पैसे विद्यापीठाला जात नाहीत, मुलीला जातात.

मिलिंद

प्रेषक: जयंत, हॅरो
१२ ऑगस्ट २०२५, रात्री

मिलिंद, शाखा बहुधा तुझंच म्हणणं उचलून धरेल. पण आयकर खात्याच्या जून २०२३ च्या परिपत्रकात शिक्षणासाठी लागणारा रोजचा खर्च आणि जाण्यायेण्याचं तिकीट हेही शिक्षणाच्या रेमिटन्समध्ये धरलंय. म्हणून मी S0305 मागेन आणि सोबत प्रवेशाचं पत्र जोडेन. एखादी बँक लाभार्थी व्यक्ती आहे म्हणून नकार देते, दुसरी ऐकते. तिथे मला ठाम उत्तर देता येत नाही. दादाने हे महिन्याचे पैसे पहिल्यांदा पाठवण्याआधी शाखेकडून लेखी विचारून घ्यावं, कारण कोडची नोंद रिझर्व्ह बँकेकडे जाते आणि ती मागाहून बदलायला शाखा सहसा तयार होत नाही.

आजच्या व्यवहाराबद्दल दोन गोष्टी. खात्यात १५ लाख, शिवाय टीसीएसचे २५,०००, चलन बदलण्यावरचा जीएसटी आणि बँकेचं शुल्क एवढी शिल्लक हवी. १५ लाखांवर तो जीएसटी १,०८० रुपये होतो. शिल्लक कमी पडली तर व्यवहार दुसऱ्या दिवशीवर जातो आणि दर नव्याने लागतो. पैसे निघाले की स्विफ्ट संदेशाची प्रत मागा. त्यात 71A समोर OUR आणि 59 खाली बरोबर खाते आलंय का ते बघा आणि यूईटीआर हा व्यवहाराचा माग काढायचा क्रमांक भाचीला द्या. फीची नोंद लागली नाही तर सुबोधसारख्या माणसाला तोच क्रमांक लागतो.

जयंत

प्रेषक: अर्चना, बर्मिंगहॅम
१३ ऑगस्ट २०२५

जयंतराव, मग माझ्या एनआरओ खात्यातून पुढच्या वर्षीची फी गेली तर टीसीएस लागणार नाही ना? आणि तिथेही कोड S0305 च का? यावर वेगळा धागा सुरू करते, इथे स्नेहाचं काम अडायला नको.

अर्चना