मदत हवी आहे: आईला जंताची गोळी पुन्हा का?

पोफळ_आगर:
आई ५२ वर्षांची, रत्नागिरीजवळच्या गावी असते. दिवसभर आगरात अनवाणी. हिमोग्लोबिन ७.२ होतं. तीन महिने लोहाच्या गोळ्या घेऊन ८.४ झालं, गोळ्या थांबताच पुन्हा खाली. शौच तपासणीत हुकवर्मची अंडी निघाली. अल्बेंडाझोल ४०० ची एक गोळी दिली. डॉक्टर म्हणतात, तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी आणि सहा महिन्यांनी पुन्हा गोळी. एकदा जंत मेले तर परत कशाला?

सुमा_काकू:
हात नीट न धुता जेवल्याने होतात. भाजी मिठाच्या पाण्यात धुवायला सांग, परत होणार नाहीत.

चष्मेवाला:
आमच्या नातवाला रात्री शौचाच्या जागी खाज सुटते, त्यालाही हीच गोळी चालेल का?

प्रयोगशाळेतला:
आजोबा, ते सुतासारखे जंत, हे वेगळे. बाळाचं वय सांगून डॉक्टरांनाच विचारा.
काकू, हात धुणं चांगलंच, पण हुकवर्म मुख्यतः पायातून शिरतो. उघड्यावरच्या शौचातली अंडी ओलसर, सावलीच्या मातीत एक-दोन दिवसांत फुटतात. आठवडाभरात अळी कातडीतून शिरण्याजोगी होते. मग रक्तातून फुप्फुसात, तिथून घशाशी वर आणि गिळली जाऊन आतड्यात. तिथे ती आतड्याला चिकटून रक्त पिते. पायात शिरल्यापासून अंडी घालेपर्यंत पाच-सहा आठवडे तरी जातात.
ताई, तुमचं उत्तर इथेच आहे. गोळी मुख्यतः आतड्यातल्या मोठ्या जंतांवर चालते. तेही सगळे एका गोळीत मरतीलच असं नाही, म्हणून तपासणी. वाटेत असलेल्या अळ्या बहुधा सुटतात. शिवाय अंगात टिकाऊ प्रतिकारशक्ती येत नाही आणि आगराची माती तीच.

पोफळ_आगर:
पण एवढ्याशा जंतांनी इतकं रक्त?

प्रयोगशाळेतला:
नेकेटर जातीचा एक जंत दिवसाला साधारण ०.०३ मिली रक्त घेतो. शंभर असले तर ३ मिली, महिन्याला ९० मिली. रोज तेवढं लोह जात असेल तर गोळ्या थांबल्या की आकडा घसरणारच. जंत गेले तरी लोह चालू ठेवावं लागतं, हिमोग्लोबिन नीट झाल्यावरही साधारण तीन महिने. एक मात्र विचारा: अहवालात अंडी थोडीच होती का? थोडी असतील तर ७.२ चं सगळं खापर जंतांवर फोडू नका. आईंची पाळी थांबली असेल तर आतड्यातून दुसरीकडून रक्त जात नाही ना, हे पाहायला हवं.

पोफळ_आगर:
अहवालात नुसतं 'अंडी आढळली' आहे, संख्या नाही. पाळी दोन वर्षांपूर्वी गेली.
आत्ताच आईला फोन केला. म्हणते, दर पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात पुरळ येऊन खाज सुटते, ती चिखल्या समजून हळद लावते. त्या चिखल्याच, की अळी शिरल्याची खाज?

प्रयोगशाळेतला:
दोन्हींची खाज सारखीच, इथून सांगता येणार नाही. पण आगरात जाताना गमबूट आजपासूनच. डॉक्टरांना पाळीचं आणि रक्ताचं नक्की विचारा.