शब्दचर्चा: पातळी तीच, मग आवाज वेगळा कसा?

मैत्रेयी
आवाज मोजायच्या मीटरच्या माहितीपुस्तिकेचं भाषांतर करते आहे आणि एका वाक्यावर गाडी अडली आहे. मुद्दा असा आहे: १०० हर्ट्‌झचा एक सूर आणि १००० हर्ट्‌झचा दुसरा, दोन्ही ६४ डेसिबल. मोजलेलं सारखं, पण ऐकताना दुसरा कितीतरी मोठा वाटतो. मी दोन्हीकडे ‘आवाज’ लिहिलं तर वाक्य झालं, ‘आवाज सारखा असूनही आवाज जास्त असतो’. हसू नका. पहिल्या ठिकाणी ‘ध्वनिपातळी’ चालेल. दुसऱ्या ठिकाणी काय लिहू? ‘तीव्रता’? पुढे ‘ए-भारित डेसिबल’ असंही आहे, ते वाचणाऱ्याला कळेल का?

अनंत फ.
तीव्रताच लिहा, शाळेत तेच शिकलो. पण वाक्यातच घोळ दिसतोय. ६४ डेसिबल म्हणजे ६४ डेसिबल, त्यात मोठा-लहान कुठून आला? डेसिबल लॉगरिदमवर चालतं ते कान तसाच ऐकतो म्हणूनच. पुस्तिका लिहिणाऱ्याने गफलत केली असणार.

कानसेन
पुस्तिका बरोबर आहे. अनंतराव, तुमचं निम्मं पटतं. कान गुणोत्तरावर ऐकतो, म्हणून लॉगरिदम सोयीचा पडतो. पण साधं डेसिबल हवेतला दाब मोजतं. तो दाब किती वेगाने हलतोय, म्हणजे सूर खर्जातला आहे की तारातला, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. कानाला मात्र आहे.

मैत्रेयीताईंचीच जोडी घ्या. १००० हर्ट्‌झचा सूर ४० डेसिबलला लावा आणि १०० हर्ट्‌झचा हळूहळू चढवत न्या. दोन्ही सारखेच मोठे वाटेपर्यंत तो साधारण ६४ डेसिबलला पोचलेला असतो. मोजमापात २४ डेसिबलचं अंतर, ऐकण्यात शून्य. अशी जुळणी प्रत्येक सुराशी करून बिंदू जोडले की वक्र तयार होतो, आणि त्या वक्रावरचा कुठलाही सूर सारखाच मोठा वाटतो. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी बेल लॅब्जमध्ये हे वक्र काढले. १९५६ मध्ये इंग्लंडमध्ये रॉबिन्सन आणि डॅडसन यांनी पुन्हा मोजले. आज वापरतात ते आयएसओ २२६ या मानकातले आहेत. २००३ मध्ये त्याची मोठी फेरमांडणी झाली, तेव्हा खर्जाकडचे आकडे बरेच वर सरकले. गंमत म्हणजे ते १९५६ पेक्षा १९३३ च्या वक्रांच्या जास्त जवळ गेले.

जो वक्र १००० हर्ट्‌झला ४० डेसिबलमधून जातो, त्याला ४० फॉनचा वक्र म्हणतात. (हातातला फोन नव्हे. म्हणून मी ‘फॉन’ लिहितो.)

मैत्रेयी
मग दोन्ही ६४ डेसिबलला असताना फरक किती पडेल?

कानसेन
१००० हर्ट्‌झवाला ६४ फॉनचा, १०० हर्ट्‌झवाला ४० चा. ढोबळ नियम असा की १० फॉन वाढले की कानाला आवाज दुप्पट वाटतो. २४ फॉन म्हणजे दुप्पट, मग पुन्हा दुप्पट, आणि वर थोडं. मीटरच्या काट्यावर दोन्ही एकच आणि कानाला पाचपट फरक. ‘कितीतरी मोठा’ हे शब्द अजिबात अतिशयोक्त नाहीत.

विनायक ग.
आता शब्दाकडे. ‘तीव्रता’ नको, कारण भौतिकशास्त्रात तो शब्द ऊर्जेसाठी घेतलेला आहे: दर चौरस मीटरमधून किती शक्ती जाते ते. इथे हवं आहे ते कानाला वाटणारं मोठेपण. ‘प्रबलता’ म्हणता येईल. आपली रोजची भाषा मात्र या बाबतीत भलतीच ढिली आहे. ‘वरच्या पट्टीत बोलू नकोस’ म्हणतो तेव्हा सूर वर गेल्याची तक्रार नसते, आवाज वाढल्याची असते. ‘चढा आवाज’ तसाच.

अनंत फ.
बरं, मान्य. पण मग मीटर बनवणाऱ्यांनी ही सोय केलेलीच आहे की. पडद्यावर `dBA` दिसतं, तेच ए-भारित डेसिबल, ते कानासारखं. त्यात खर्ज कापून दाखवतात. म्हणजे मीटर `dBA` वर ठेवला की कानाला जे वाटतं तेच आकड्यात येतं. विषय संपला.

रेवती
विषय माझ्यासाठी संपलेला नाही! आमच्या शेजारच्या इमारतीत एक मोठं यंत्र रात्रभर घुमत असतं. तक्रार केली तर मोजायला माणूस आला, ३२ `dBA` दाखवून म्हणाला, ‘हे तर शांत आहे.’ मला झोप नाही आणि कागदावर शांतता. हे ए-भारित प्रकरण म्हणजे खर्ज लपवायची युक्तीच आहे, असं माझं मत झालंय. भाषांतरात हेही लिहा.

कानसेन
दोघांचंही थोडं थोडं खरं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ए-भार म्हणजे एक ठरलेली गाळणी. १००० हर्ट्‌झला ती काहीच करत नाही. १०० हर्ट्‌झला १९ डेसिबल वजा करते, ५० हर्ट्‌झला ३०, आणि २००० ते ४००० च्या पट्ट्यात एखादं डेसिबल उलट वाढवते, कारण तिथे कान सगळ्यात तल्लख असतो. कर्णनलिका अडीच सेंटीमीटरच्या आसपास लांब, एका टोकाला पडद्याने बंद. अशी नळी ३००० हर्ट्‌झच्या थोडं वर घुमते आणि तिथला दाब पडद्यापाशी वाढवते. खर्जाकडे मात्र मधल्या कानाचा ताठरपणा आड येतो.

अडचण ‘ठरलेली’ या शब्दात आहे. कानाचे वक्र एकमेकांना समांतर नाहीत. वर वर जाल तसे ते सपाट होत जातात. ४० फॉनला १०० हर्ट्‌झला ६४ डेसिबल लागत होते. ८० फॉनला साधारण ९२ लागतात. म्हणजे १००० हर्ट्‌झचा सूर ४० डेसिबल चढला तेवढ्यात खर्जाचा सूर २८ च चढवावा लागला. गाळणी मात्र दोन्ही वेळा १९ च वजा करते.

आता आकडा लावून पाहा. ४० फॉनचा १०० हर्ट्‌झचा सूर मीटरवर ६४ वजा १९, म्हणजे ४५ `dBA` दिसेल. कानाला ४० आणि मीटरला ४५, मीटर जास्त सांगतोय. ६० फॉनला त्याच सुराला साधारण ७९ डेसिबल लागतात, मीटर ६० दाखवेल, अगदी बरोबर. ८० फॉनला ९२ वजा १९ म्हणजे ७३, इथे मीटर कमी सांगतोय. एकच सूर, एकच गाळणी, आणि चूक दोन्ही बाजूंना. अनंतराव, ‘कानासारखं’ हे मधल्या एका पातळीपुरतं खरं आहे.

अनंत फ.
ए-भार ४० फॉनच्या वक्रावरून केला असं मी वाचलं होतं. मग तो ६० ला का जुळतो?

कानसेन
१९३० च्या दशकात हातात होते त्या वक्रांवरून आणि तेव्हाच्या सर्किटमध्ये बसेल इतपत सोप्या रूपात तो बनवला. वक्र पुढे बदलले, गाळणी तशीच राहिली. मोठ्या आवाजांसाठी बी आणि सी असे भारही होते: मध्यम पातळीला बी, जोरदार आवाजाला सी. आवाज पाहून माणसाने भार बदलावा असा बेत होता. तसं कोणी केलं नाही, सगळेच ए वर थांबले.

रेवतीताई, तुमच्या यंत्राबद्दल. समजा गुणगुण निव्वळ ५० हर्ट्‌झची आहे. ३२ `dBA` म्हणजे खरी पातळी ६२ डेसिबल. ५० हर्ट्‌झला ऐकू यायची सीमा सरासरी ४४ च्या आसपास, म्हणजे सूर सीमेच्या बराच वर आहे. ऐकू येणारच, भ्रम नाही. पण वक्राने पाहिलं तर हा सूर २० फॉनच्या जवळपास बसतो, ३२ च्या नाही. म्हणजे इथे ए-भाराने आवाज लपवलेला नाही, उलट थोडा फुगवलाय.

रेवती
मग मला झोप का येत नाही?!

कानसेन
कारण प्रबलता एक आणि त्रास दुसरा. भिंत, खिडकी बारीक सुरांना अडवते आणि खर्ज आत सोडते, त्यामुळे खोलीत त्याला झाकणारं दुसरं काही उरत नाही. शिवाय खोलीच्या मापानुसार तो उशीपाशी वाढू शकतो आणि दाराशी जवळपास नाहीसा होऊ शकतो. तो माणूस दाराशी उभा होता का? वक्रही बऱ्याच तरुण, निरोगी कानांची सरासरी आहेत; तुमची सीमा काही डेसिबल खाली असू शकते. एक करा: पुन्हा मोजताना ए आणि सी दोन्ही घ्यायला सांगा. सी-भार ५० हर्ट्‌झला दीड डेसिबलसुद्धा कापत नाही, त्यामुळे तिथे ६१ च्या आसपास दिसेल. दोन आकड्यांत १५-२० हून जास्त अंतर पडलं, तर बहुतेक ऊर्जा खर्जात आहे हे कागदावर येतं. मग सप्तकाच्या एक तृतीयांश रुंदीच्या पट्ट्यांनी मोजायचा आग्रह धरता येतो. मोबाइलच्या ॲपवर हे करू नका, बऱ्याच फोनचे माइक खर्जात कमी पडतात.

विनायक ग.
एक बाजूचा प्रश्न. हळू लावलेल्या गाण्यातला तबल्याचा डग्गा गायब होतो, ते याच वक्रांमुळे का? जुन्या ॲम्प्लिफायरवर ‘लाउडनेस’ बटण असायचं.

कानसेन
हो. मोठ्याने ऐकताना गळा ८० डेसिबल आणि डग्ग्याचा १०० हर्ट्‌झच्या आसपासचा भाग ९२, दोन्ही बरोबरीने मोठे. आता सगळंच ४० ने कमी करा. गळा ४० फॉनला येतो, डग्गा ५२ डेसिबलला. पण बरोबरी राखायला त्याला ६४ हवे होते. तो पंचविसेक फॉनवर घसरतो. बटण ती तूट भरायला खर्ज वाढवतं. त्याला तुमची खोली आणि स्पीकर माहीत नसतात, म्हणून अनेकदा डग्ग्याचा ढोल होतो.

मैत्रेयी
मी असं लिहिलंय: ‘ध्वनिपातळी समान असली तरी कमी वारंवारतेच्या सुराची प्रबलता बरीच कमी भासते.’ ‘ए-भारित’ तसंच ठेवते, फक्त पहिल्या वेळी सोबत एक ओळ: ‘खर्जातले सूर ठरलेल्या प्रमाणात वजा करून मोजलेले’.

विनायक ग.
‘प्रबलता भासते’ हे दोनदा तेच झालं. प्रबलता म्हणजेच भासणं. ‘प्रबलता कमी असते’ पुरे.

अनंत फ.
मला अजून ‘मोठेपणा’ बरा वाटतो. कोणीही वाचून समजेल.

मैत्रेयी
‘आवाजाचा मोठेपणा’ लिहिलं तर संपादिका म्हणतील आवाजाने काय दानधर्म केला? दोन्ही पाठवते, त्या ठरवतील.

रेवती
मोजणारा दाराशीच उभा होता. परत बोलावते, या वेळी उशीपाशी उभा करते.