गाय-वाघ योनी, मनुष्य-राक्षस गण: स्थळ सोडायचं का?

मुलीचा_दादा: बहिणीला जुळे सोलापूरचं स्थळ आलंय. तिचं नक्षत्र उत्तरा फाल्गुनी, मुलाचं चित्रा, रास दोघांची कन्या. गुण साडेचोवीस, पण योनी आणि गण दोन्ही शून्य. आई म्हणते, गाय वाघाच्या घरात द्यायची नाही. सोडायचं का?

बाळीवेसकर: आईचं बरोबर आहे. मुलगा राक्षस गणाचा असला तर चालून जातं, मुलगी असती तर अवघड होतं. पण गाय-वाघ म्हणजे उघड वैर. गण सोडा, योनी सोडू नका.

विजापूर_रोड: माझा राक्षस गण, यांचा देव. संसार झाला की! रागावते मी, पण राक्षस म्हणून कुणी हिणवलं नाही. तुमची बहीण रागीट आहे का?

मुलीचा_दादा: काकू, राक्षस गण मुलाचा आहे.

पंचांगवाले_काका: बाळीवेसकर, बहुतेक कोष्टकांत मनुष्य-राक्षस जोडीला कसंही फिरवलं तरी शून्यच. सूट मिळते ती राशिस्वामीमुळे. इथे दोघांचा बुध, म्हणून गणदोष सौम्य धरतात. योनीला तशी सर्वमान्य सूट नाही, तिथे तुमचं बरोबर.

दादा, बेरजेने फसू नका. गणाचे ६ आणि योनीचे ४ गेले, तारेचे दीड गेले, तरी साडेचोवीस उरतात, कारण नाडीचे ८, भकूटाचे ७, ग्रहमैत्रीचे ५ पूर्ण मिळाले. गण बघायचा तो राग, हट्ट, बोलण्याची धार यासाठी. योनी नवराबायकोच्या जवळिकीसाठी. नेमकं तेच बेरजेत झाकलं गेलंय. मी असतो तर मुलाचं मंगळ-शुक्र बघून मग बोललो असतो.

तिखट_शेंगा: चंद्र एका नक्षत्रात जेमतेम एक दिवस असतो. म्हणजे त्या दिवशी जन्मलेली सगळी पोरं वाघ आणि सगळी राक्षस गणाची? सत्तावीसपैकी नऊ नक्षत्रं राक्षस गणाची, म्हणजे गावातला तिसरा माणूस. स्वभाव कळायला चार वेळा भेटू द्या की दोघांना.

पंचांगवाले_काका: म्हणूनच नुसत्या नक्षत्रावर स्थळ मोडू नये म्हणतो. पण तुमच्या भेटीत तरी कोण रागावून दाखवतं?

तिखट_शेंगा: वाघ तरी कुठे कोष्टकात गुरगुरतो? हॉटेलात वेटरशी कसा बोलतो ते बघा.

बाळीवेसकर: चेष्टा नको. आमच्याकडे अजून योनी बघूनच ठरतं.

पंचांगवाले_काका: दादा, मुलीची जन्मवेळ पक्की आहे ना? उत्तरा फाल्गुनीचा पहिला चरण सिंहेत पडतो. तसं निघालं तर भकूटाचे सातही जातात आणि गणाची सूटही उरत नाही. एक चरण साधारण सहा तासांचा.

मुलीचा_दादा: आई कधी 'पहाटे' म्हणते, कधी 'सकाळी'. दवाखान्याचा कागद शोधतो. रविवारी मुलगा येतोय, ते मात्र रद्द केलेलं नाही.